६५ अंशांच्या अंड्यामागची गोष्ट

अंडं उकळत्या पाण्यात टाकलं की पांढरा भाग आधी घट्ट होतो आणि बलक मागाहून. त्याचं कारण एवढंच की उष्णता बाहेरून आत जाते आणि पांढरा भाग बाहेर असतो. तेच अंडं ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवलं तर क्रम उलटतो. बलक जॅमसारखा दाट होतो आणि पांढरा भाग मात्र जेमतेम लागलेल्या दह्यासारखा थरथरत राहतो. तापमान नेमकं धरून ठेवणाऱ्या वॉटर बाथमध्ये अंडी शिजवण्याचा सगळा इतिहास या उलट्या क्रमाभोवती फिरतो. आधी लोकांना तो आवडला, मग समजला, आणि शेवटी त्यावर मात करायची धडपड सुरू झाली.

क्रम उलटतो तो प्रथिनांमुळे. पांढऱ्या भागातल्या प्रथिनांपैकी निम्म्याहून जास्त वाटा ओव्हाल्ब्युमिनचा असतो आणि ते साधारण ८० अंशांपर्यंत दाद देत नाही. ६१-६२ अंशांना साकळू लागतं ते ओव्होट्रान्सफेरिन, पण त्याचा वाटा सुमारे १२ टक्केच. म्हणून ६५ अंशांना पांढऱ्यात एक नाजूक जाळं तेवढं तयार होतं. बलक मात्र त्याच तापमानाला चांगला आळू लागतो आणि ७० च्या आसपास पुरता घट्ट होतो.

हे कोणाला ठाऊक नसतानाही जपानमध्ये अशी अंडी खाल्ली जात होती. तिथे गरम पाण्याच्या झऱ्यांना ओन्सेन म्हणतात आणि त्या पाण्यात शिजवलेलं अंडं ते ‘ओन्सेन तामागो’. पाणी ७० अंशांच्या जवळपास असेल तर अर्ध्या-पाऊण तासात हवं तसं अंडं मिळतं. ते वाटीत फोडून, वर दाशी या सुक्या मासळीच्या आणि समुद्री शेवाळाच्या साराचं आणि सोया सॉसचं पातळ मिश्रण घालून चमच्याने खातात. सगळ्याच झऱ्यांवर मात्र हे जमत नाही. हाकोनेजवळच्या ओवाकुदानीची काळी अंडी प्रसिद्ध आहेत, पण तिथलं पाणी जास्त तापलेलं असतं. पाण्यातल्या गंधक आणि लोहामुळे कवच काळं पडतं, आत मात्र नेहमीचं पूर्ण उकडलेलं अंडं निघतं. झरा नसलेल्या घरांत एक लिटर पाणी उकळून गॅस बंद करतात, त्यात २०० मिलिलिटर गार पाणी ओततात आणि फ्रिजमधली अंडी सोडून झाकण ठेवून पंधरा मिनिटांच्या आसपास थांबतात.

युरोपात हा विषय एका भौतिकशास्त्रज्ञाच्या हौसेतून पुढे आला. निकोलस कुर्ती ऑक्सफर्डमध्ये अतिशीत तापमानावर काम करत. निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ पोहोचणाऱ्यांपैकी ते एक. १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी स्वयंपाकघरातल्या भौतिकशास्त्रावर व्याख्यान दिलं. शुक्राच्या वातावरणाचं तापमान आपण मोजतो, पण भट्टीत फुगवलेल्या आपल्या अंड्याच्या सुफ्लेच्या आत काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं, अशी त्यांची खंत होती. १९८८ मध्ये त्यांनी आणि फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्व्हे तिस यांनी मिळून या अभ्यासाला ‘मॉलिक्युलर गॅस्ट्रोनॉमी’ हे नाव दिलं. अंडं मिनिटांवर न शिजवता तापमानावर शिजवा, हा आग्रह तिस यांनी लावून धरला. प्रत्येक प्रथिनाचं साकळण्याचं तापमान वेगळं, मग अंश ठरवला की पोत ठरला, असा त्यामागचा विचार. त्यातूनच ‘६५ अंशांचं अंडं’ फ्रान्सच्या रेस्टॉरंटांत पोहोचलं.

उपकरण आलं ते दुसऱ्या वाटेने. १९७४ मध्ये जॉर्ज प्रालू यांनी फ्रान्समधल्या रोआनच्या त्र्वाग्रो बंधूंच्या रेस्टॉरंटसाठी फ्वा ग्रा, म्हणजे बदकाचं पोसलेलं यकृत, प्लॅस्टिकमध्ये बंद करून मंद आचेवर शिजवायची पद्धत बसवली. नेमक्या तापमानाच्या पाण्यात हवाबंद पिशवीतलं अन्न शिजवण्याच्या या ‘सू व्हीद’ पद्धतीचा प्रसार त्यानंतर झाला. पाणी एका अंशाच्या आत स्थिर ठेवणारी आणि सतत फिरवणारी यंत्रं प्रयोगशाळांत आधीपासून होतीच. शेफ मंडळींनी ती स्वयंपाकघरात आणली. अंड्याला तर पिशवीचीही गरज नाही, त्याचं कवच पुरतं. पाणी फिरतं ठेवणं मात्र फार महत्त्वाचं. स्थिर पाण्यात गार अंड्यांभोवतीचं पाणी गार पडतं आणि एकाच भांड्यातली दोन अंडी दोन तऱ्हांची निघतात.

‘अंश ठरवला की पोत ठरला’ या समजाला धक्का बसला तो २०११ मध्ये, आणि मला हा सगळ्यात मोलाचा टप्पा वाटतो. सेझार व्हेगा आणि रुबेन मेर्काडे-प्रिएतो यांनी ‘फूड बायोफिजिक्स’ या नियतकालिकात ६० ते ७० अंशांदरम्यानच्या अंड्यांवर संशोधन प्रसिद्ध केलं. बलक किती दाट होतो हे त्यांनी वेगवेगळ्या तापमानांना, वेगवेगळ्या वेळांनंतर मोजलं आणि तो दाटपणा मध, मेयोनीज, कंडेन्स्ड मिल्क अशा ओळखीच्या पदार्थांशी ताडून पाहिला. निष्कर्ष स्पष्ट होता: बलक पाण्याच्या तापमानाला पोहोचल्यावरही आळतच राहतो. म्हणजे ६३ अंशांना जास्त वेळ ठेवलेलं अंडं ६५ अंशांना कमी वेळ ठेवलेल्या अंड्याइतकं दाट होऊ शकतं. तापमान आणि वेळ ही एकच जोडी आहे, त्यातलं एकच सांगून भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. पाणी ६४ अंशांवर स्थिर करून मध्यम आकाराची अंडी तासभर ठेवली. फोडल्यावर बलक गोल राहतो आणि सुरीने कापला की सावकाश ओघळतो. तीच अंडी आणखी अर्धा तास ठेवली तर बलक ओघळायचा थांबतो. पांढऱ्यात त्या अर्ध्या तासात जवळजवळ काहीच बदलत नाही, कारण ओव्हाल्ब्युमिनला तेवढी उष्णता मिळतच नाही. कवचालगतचा पातळ पांढरा तर पाण्यासारखाच राहतो. तो झाऱ्याने निथळून टाकतात. अंडं जुनं असेल तर पातळ पांढरा जास्त निघतो आणि पदार्थ पचपचीत होतो. बलक हवा तसा आणि पांढरा लिबलिबीत, ही तक्रार खरं तर यंत्राची नसून एकाच तापमानाच्या मर्यादेची आहे.

यावर स्वयंपाक्यांनी दोन उपाय काढले. एक म्हणजे अंडं आधी तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात आणि मग ६३-६४ अंशांच्या बाथमध्ये. उकळीने बाहेरचा पांढरा धरतो आणि बलकाचं काम बाथ करतो. दुसरा म्हणजे ७५ अंशांना साधारण १३ मिनिटं ठेवून काढणं, म्हणजे उष्णता मध्यापर्यंत पूर्ण पोहोचायच्या आत अंडं बाहेर. यात पांढरा कस्टर्डसारखा मऊ, पण धरलेला राहतो. मात्र यात वेळेला ढील नाही, आणि अंडं फ्रिजमधलं की बाहेरचं, लहान की मोठं, याने निकाल बदलतो. अंड्यातून पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जिवाणूच्या दृष्टीनेही फरक आहे. ६४ अंशांना तासभर ठेवलेलं अंडं आतपर्यंत पाश्चराइज होतं. १३ मिनिटांच्या अंड्याबद्दल किंवा गॅस बंद करून झाकून ठेवलेल्या अंड्याबद्दल तशी खात्री देता येत नाही. म्हणून लहान मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी लांब वेळेचीच पद्धत धरावी.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नेपल्सच्या संशोधकांनी तिसरा मार्ग मांडला. एर्नेस्तो दि मायो यांच्या गटाने एकच बाथ सोडून दोन भांडी घेतली, एकात उकळतं पाणी आणि दुसऱ्यात ३० अंशांचं. अंडं दर दोन मिनिटांनी एकातून दुसऱ्यात हलवायचं, एकूण ३२ मिनिटं. बाहेरचा पांढरा आलटून पालटून तापतो आणि निवतो, तर मध्यावर दोन्हींची सरासरी पोहोचते आणि बलक ६७ अंशांच्या आसपास टिकून राहतो. बलक सू व्हीद अंड्यासारखा, पांढरा हाफ-बॉइलसारखा, असा मेळ त्यांना साधला. त्यासाठी अर्धा तास कोणीतरी घड्याळ लावून, झारा हातात घेऊन ओट्याशी उभं राहावं लागतं.