स्पर्शघड्याळ आणि बोलके घड्याळ

न पाहता वेळ कळावी म्हणून अंध व्यक्ती जी घड्याळे वापरतात, त्यांचे मुख्य प्रकार दोन: बटण दाबताच वेळ बोलून सांगणारे बोलके घड्याळ आणि काटे बोटांनी चाचपून वाचायचे स्पर्शघड्याळ. दुसऱ्या प्रकाराला सर्रास ब्रेल घड्याळ म्हणतात, पण त्याच्या तबकडीवर बहुधा ब्रेल लिपीतले आकडे नसतात, नुसते उंचवटे असतात. त्यामुळे ब्रेल न शिकलेल्या माणसालाही ते वाचता येते. भारतात एचएमटी कंपनीने अशी चावीची मनगटी घड्याळे बनवली.

बोलके घड्याळ शिकायला सोपे आहे. मात्र ते भर सभेत किंवा वर्गात सर्वांना ऐकू जाते आणि खडखडत जाणाऱ्या एसटीत स्वतःलाही ऐकू येत नाही. ज्याला ऐकूही येत नाही, त्याच्या ते उपयोगाचेच नाही. सेल उतरू लागला की आवाज खोल जातो किंवा मध्येच तुटतो, तेव्हा सेल बदलायचा एवढेच ओळखायचे असते. स्पर्शघड्याळाला मात्र सराव लागतो, आणि तो नीट शिकवला जात नाही म्हणून ही घड्याळे पुष्कळदा पेटीत पडून राहतात.

स्पर्शघड्याळाची काच बिजागरीवर बसवलेली असते आणि कडेची कळ दाबली की ती झाकणासारखी उघडते. नेहमीच्या रचनेत बाराच्या जागी तीन ठिपके, तीन, सहा आणि नऊच्या जागी दोन-दोन व उरलेल्या आकड्यांच्या जागी एकेक ठिपका असतो. तर्जनीच्या पेराने, नख न लावता, आधी बाराचे तीन ठिपके शोधावेत. मग बोट मध्यावर आणून बाहेरच्या दिशेने हलकेच फिरवावे. ठिपक्यांपर्यंत पोचतो तो मिनिटकाटा, अलीकडेच संपतो तो तासकाटा. दोन्हीऐवजी एकच काटा हाती लागला, तर ते एकमेकांवर आलेले असतात, जसे साडेसहानंतर दोन-तीन मिनिटांनी.

वाचताना मिनिटकाटा आधी वाचावा. हा क्रम का, ते एका उदाहरणाने पाहू. फाट्यावर सव्वातीनची एसटी गाठायची आहे आणि वावराच्या धुऱ्यावर उभ्या माणसाने झाकण उघडले. मिनिटकाटा दहा आणि अकराच्या ठिपक्यांमध्ये, निम्म्याच्या किंचित पुढे लागला, म्हणजे सुमारे 53 मिनिटे. तासकाटा मात्र तीनच्या दोन ठिपक्यांना जणू टेकलेला आहे. नवशिका इथे 3 वाजून 53 मिनिटे म्हणतो आणि गाडी गेली असे समजून घरी परततो. प्रत्यक्षात 2 वाजून 53 मिनिटे झालेली असतात. तासकाटा मिनिटाला अर्धा अंश सरकतो, म्हणून त्या वेळी तो तीनच्या फक्त साडेतीन अंश अलीकडे असतो. आठ मिलिमीटर लांबीच्या काट्याच्या टोकाशी हे अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते. एवढा फरक बोटाला खात्रीने कळत नाही. तेव्हा मिनिटकाटा नवाच्या पुढे असेल, तर तासकाटा ज्या खुणेला टेकल्यासारखा वाटतो तो तास अजून वाजायचा आहे, असे धरावे. मिनिटकाटा बाराच्या नुकताच पुढे असेल, तर तोच तास वाजून गेलेला असतो.

बोटाचा दाब जास्त झाला तर घड्याळ दोन तऱ्हांनी चुकते. पहिल्या तऱ्हेत मिनिटकाटा ढकलला जातो आणि आतल्या चाकांमुळे तासकाटाही प्रमाणात सरकतो. दोन्ही काटे एकमेकांशी जुळतात, पण वेळ खोटी असते. ही चूक चाचपून कळत नाही, ती आकाशवाणीच्या बातम्यांच्या वेळेशी किंवा बोलक्या घड्याळाशी ताडून पाहावी लागते आणि चावीने वेळ लावली की दुरुस्त होते. दुसऱ्या तऱ्हेत एखादा काटा स्वतःच्या खुंटीवर घसरतो. मिनिटकाटा बारावर असताना तासकाटा दोन खुणांच्या अधेमध्ये लागला, तर हेच झाले आहे असे ओळखावे. चावी कितीही फिरवली तरी हा दोष जात नाही, कारण चावी दोन्ही काट्यांना एकत्रच फिरवते. घड्याळजीकडून काटा काढून नव्याने बसवून घ्यावा लागतो.

कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकदार नख्यांनी अंगठा आणि तर्जनी खरबरीत होतात आणि ठिपके बोथट वाटू लागतात. अशा वेळी करंगळीच्या पेराने वाचणे बरे, कारण तिला वेचणीत काम कमी असते. वैशाखातल्या धुळीत झाकण उघडायचे तर वाऱ्याकडे पाठ करावी आणि आधी हाताचा घाम पुसावा. काट्यांच्या मुळाशी धूळ व घाम साचला की घड्याळ मागे पडू लागते किंवा थांबते.

झाकणाची ही अडचण काही नव्या रचनांत टाळलेली आहे. 2013 साली आलेल्या ब्रॅडली या घड्याळात काट्यांऐवजी चुंबकाने ओढल्या जाणाऱ्या दोन पोलादी गोळ्या आहेत: तबकडीवरच्या खाचेतली गोळी मिनिटे दाखवते, तर घड्याळाच्या बाहेरच्या कडेने फिरणारी तास. बोटाच्या धक्क्याने गोळी जागची हलली, तरी मनगट थोडे हलवल्यावर ती चुंबकाशी परत येते, आणि आतले यंत्र झाकलेलेच राहते.