गोचीडताप ‘फोटो’त का दिसत नाही?

अमळनेर-पारोळ्याकडच्या एखाद्या मळ्यावरचा राखणीचा कुत्रा आजारी पडला की मालक त्याला मोटारसायकलवर मधोमध बसवून दवाखान्यात आणतो आणि पहिलं वाक्य बहुधा हेच असतं: ‘डॉक्टरसाहेब, याना फोटो काढी ल्या!’ फोटो म्हणजे एक्स-रे. आत जे काही बिघडलंय ते त्यात दिसणारच, असा विश्वास असतो.

एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. पाच वर्षांचा, वीस किलोचा गावठी कुत्रा. चार दिवस भाकरीला तोंड लावलेलं नाही. ताप १०४ फॅरनहाइट; कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. हिरड्या फिकट, कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड. म्हणजे संशय गोचीडतापाचा: गोचीड चावून अंगात शिरणाऱ्या जंतूंचा आजार.

एक्स-रे ही सावली आहे. हवा काळी दिसते, हाड पांढरं, धातू त्याहून पांढरा. पण रक्त, लघवी, यकृत, प्लीहा, आतड्याची भिंत हे सगळं जवळजवळ एकाच राखाडी रंगात उमटतं. म्हणून गिळलेलं हाड, मोडलेला पाय, न्यूमोनिया झालेलं फुप्फुस यांसाठी एक्स-रे उत्तम. आपल्या कुत्र्याच्या फोटोत मात्र पोटातली प्लीहेची सावली मोठी आहे, एवढंच कळतं. पोटात पाणी भरलं असतं तर प्लीहेचा आकारही कळला नसता, कारण मग सगळं पोट एकसारखं धुरकट होऊन प्लीहासुद्धा त्यात हरवते.

तिथे सोनोग्राफी कामाची. तिच्यात पाणी काळं दिसतं, त्यामुळे अवयव आणि पाणी वेगळे ओळखू येतात. (हवा आणि हाड मात्र तिला पार करता येत नाही; गॅसने फुगलेल्या आतड्यामागचं काही दिसत नाही.) कुत्र्याच्या पोटावरचे केस भादरून पाहिलं: प्लीहा सूज आल्यासारखी मोठी, गाठ नाही, पाणी नाही. आता मालकाला वाटतं, रोग सापडला. पण प्लीहा गोचीडतापात वाढते, काही कर्करोगांत वाढते आणि कुत्रा शांत राहावा म्हणून दिलेल्या काही गुंगीच्या औषधांनीही वाढते. सोनोग्राफी आकार दाखवते, कारण नाही. कारणासाठी प्लीहेत बारीक सुई घालून पेशी काढता येतात, पण रक्त गोठवणारे प्लेटलेट कमी असतील तर ती सुई टोचणं जोखमीचं.

म्हणून माझ्या मते या कुत्र्याची पहिली तपासणी सर्वांत स्वस्त असलेली, म्हणजे काचेच्या पट्टीवर पसरलेला रक्ताचा एक थेंब. पट्टी रंगवायची, तेलाच्या भिंगाखाली धरायची आणि पेशी एका थरात पसरलेल्या भागात दहा-बारा ठिकाणी प्लेटलेट मोजायचे. दर ठिकाणी सरासरी एक प्लेटलेट म्हणजे दर मायक्रोलिटर रक्तात अंदाजे पंधरा ते वीस हजार. इथे सरासरी दोन भरली, म्हणजे तीस-चाळीस हजार. निरोगी कुत्र्यात किमान दोन लाख तरी हवेत. यंत्राचा आकडाही अडतीस हजारच आला. तरी पट्टीची कड बघावीच लागते. प्लेटलेट गुठळ्या करून कडेला जमले असतील तर यंत्र ते मोजत नाही आणि धडधाकट कुत्रा कागदावर गंभीर ठरतो. इथे गुठळ्या नव्हत्या. कमतरता खरी.

जंतू मात्र दिसला नाही. मालक विचारतो, मग गोचीडताप नाही ना? इथेच गल्लत होते. गोचीडताप आणणारा एर्लिकिया हा जंतू पांढऱ्या पेशींच्या आत बारक्या घोसासारखा दिसतो, पण आजार असलेल्या बहुतेक कुत्र्यांत तो पट्टीवर सापडतच नाही. तांबड्या पेशींत राहणारा दुसरा जंतू, बबेशिया, त्या मानाने बरा सापडतो, तोही संख्येने कमी असेल तर चुकतो. म्हणून कानाच्या टोकाला टोचून आलेल्या थेंबाची पट्टी करतात, तिथे तो जास्त मिळतो. उलटी चूकही होते: तांबड्या पेशीवर बसलेला प्लेटलेट किंवा रंगाचा कण नवख्या डोळ्याला बबेशिया वाटतो. दिसला तर पुरावा, न दिसला तर काहीच सिद्ध होत नाही.

खानदेशातल्या मे महिन्यात आणखी एक अडचण. नळीतलं रक्त पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तालुक्याच्या लॅबपर्यंत जाईस्तोवर पांढऱ्या पेशी फुटू लागतात. पट्टी कुत्र्याच्या शेजारीच करून, वाळवून पाठवावी. आणि औषधाची पहिली मात्रा देण्याआधी.

पुढची पायरी प्रतिपिंडांची किट किंवा पीसीआर. आजाराच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत किट निगेटिव्ह येऊ शकते, आणि बरा झाल्यावरही महिनोन् महिने पॉझिटिव्ह राहते. त्यामुळे गोचीड, ताप, पडलेले प्लेटलेट असं सगळं जुळलं की डॉक्टर अहवालाची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. ते साधारण चार आठवडे चालतं. एर्लिकियाच असेल तर बरेचदा दोन दिवसांत ताप उतरतो आणि कुत्रा खायला लागतो. उतरला नाही, तर बबेशियासाठी पट्टी पुन्हा करायची, कारण एकच गोचीड दोन्ही देऊ शकते आणि बबेशियाचं औषध वेगळं आहे. सोनोग्राफी पुन्हा करण्याची घाई मात्र नको; प्लेटलेट आठवड्याभरात चढू लागले तरी प्लीहा ओसरायला त्याहून वेळ लागतो.